तारीख कोणाची? अर्थात इनकॉग्निटोचं तीर्थ

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या नांदेड-लातूरच्या कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर एक ठरलेलं ढकलपत्र फिरायला लागतं. हॉटेल बुक करताना इनकॉग्निटो विंडो उघडा, कुकीज पुसा, मंगळवारी रात्री बाराला बघा, आणि कॅब बोलावताना फोनची बॅटरी फुल्ल ठेवा. पूर्वी असलं काही ईमेलनं यायचं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, एवढीच काय ती प्रगती. आणि पाठवणारे कोण? तर सगळे इंजिनिअर! दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिमचे लॉग वाचणारी माणसं वीकांताला ताईत बांधायला लागतात तेव्हा जरा वाईट वाटतं.

आता हे सगळंच हवेतून आलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला आणि उबरला नोटीस काढली होती. आयफोन आणि अँड्रॉइडवर एकाच प्रवासाचं भाडं वेगळं दिसतं, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी ते नाकारलं. आरोप गंभीर आहे आणि त्याची चौकशी व्हायलाच हवी. पण तेवढ्या आधारावर तीन हजारांची खोली दीड हजाराला मिळवायला निघालात तर हाती काही लागणार नाही. उलट हॉटेलच्या साइटवर इनकॉग्निटोनं नुकसानच होऊ शकतं, कारण अनेक साइट्स लॉग-इन केलेल्या गिऱ्हाइकाला आणि मोबाइल अ‍ॅपवरून येणाऱ्याला उघडपणे थोडा कमी दर देतात. तुम्ही कुकीज पुसून, अनोळखी होऊन गेलात की ती सूटही गेली.

माझं म्हणणं सोपं आहे. दर ठरवणारं सॉफ्टवेअर तुमच्या फोनपेक्षा तुमच्या तारखेकडे जास्त बघतं. म्हणून बुकिंगआधी एकच प्रश्न विचारायचा: ही तारीख फक्त माझी आहे, की सगळ्यांची आहे?

लातूरचंच उदाहरण घेऊ. बसस्टँडजवळ वीस खोल्यांचा एक लॉज आहे असं समजा. (आकडे माझे, फक्त समजण्यापुरते.) मालक आठ खोल्या एका साइटला देतो, चार दुसऱ्या साइटला, आणि उरलेल्या फोनवर नि काउंटरवर येणाऱ्यांसाठी ठेवतो. प्रत्येक तारखेचा दर वेगळा भरता येतो आणि त्याला पायऱ्या लावता येतात. बारा खोल्या जाईपर्यंत १५०० रुपये, पुढं सोळापर्यंत २०००, आणि शेवटच्या चार २८०० ला. झाली डायनॅमिक प्रायसिंग! यात तुमची बॅटरी कुठंही नाही. किती खोल्या गेल्या आणि किती दिवस उरले, एवढ्या दोन गोष्टींवर बहुतेक गाडा चालतो.

आता हाच लॉज दोन वेगळ्या रात्री बघा. जुलैतला एखादा साधा बुधवार, तुम्हाला लातुरात ऑफिसचं काम निघालंय. ही तारीख फक्त तुमची. संध्याकाळी सात वाजता बारा खोल्या रिकाम्या असतील, तर मालकाला कळतं की आज न गेलेली खोली उद्या विकता येत नाही. चादरी धुणं, झाडलोट आणि वीज यांचा खर्च सुटला की वरचं सगळं उत्पन्नच. अशा दिवशी उशिरा बुक करणाऱ्याला दर उतरलेला मिळण्याची शक्यता चांगली असते. महिनाभर आधी बुक करून तुम्ही फार काही मिळवत नाही.

आणि आता नीटच्या आदली रात्र. २०२५ ला नीट ४ मे रोजी, रविवारी दुपारी २ ते ५ होती. लातूर आणि नांदेड दोन्ही परीक्षेची शहरं. परीक्षेचं शहर कोणतं, हे आठवडा-दीड आठवडा आधी कळतं आणि नेमकं केंद्र प्रवेशपत्रावर, म्हणजे जेमतेम तीन-चार दिवस आधी. परिणाम काय? हजारो पालक एकाच संध्याकाळी तीच तारीख शोधायला बसतात. ही तारीख सगळ्यांची. इथं दर शेवटच्या दिवशी उतरत नाही, फक्त चढतो, कारण आपल्याशिवाय या पोराची परीक्षा चुकेल हे मालकाला माहीत असतं. ‘थोडं लवचिक राहा, तारीख बदला’ असला सल्ला देणाऱ्यानं आधी एनटीएला तारीख बदलायला सांगावी. नांदेडला हीच गत दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला होते. हुजूर साहिबला देशभरातून यात्रेकरू येतात आणि लॉजवाल्यांकडे ती तारीख कॅलेंडरवर वर्षभर आधीच लाल केलेली असते.

मग सगळ्यांच्या तारखेला करायचं काय? शहर कळण्याची वाट बघायची नाही. पसंतीक्रमात जे शहर पहिलं भरलंय, तिथं मार्चमध्येच फुकट रद्द करता येणारी खोली घेऊन ठेवायची. इथं साइट एक आमिष दाखवते: रद्द होणारी १५००, रद्द न होणारी १३५०. दीडशे वाचतात, म्हणून बोट तिकडंच जातं. पण हिशोब करा. स्वस्त खोलीत १३५० गेलेच. महाग खोलीचे १५०० तुम्ही गेलात तरच जातात. म्हणजे बेत बदलायची शक्यता दहात एकापेक्षा जास्त असेल, तर सरासरीनं महाग वाटणारी खोलीच स्वस्त पडते. परीक्षेचं शहर अजून कळलेलं नसताना ती शक्यता दहात एक असते का हो?

त्यानंतर रद्द करण्याच्या शेवटच्या मुदतीच्या आदल्या दिवसाचा गजर लावायचा. त्या दिवशी परत दर बघायचा. कमी झाला असेल तर नवी खोली घेऊन मगच जुनी सोडायची, उलट क्रमानं नाही. तुलना कायम शेवटच्या पानावरच्या, कर आणि फी धरलेल्या आकड्यांची. आणि मुदत नीट वाचायची: ‘दोन दिवस आधी’ म्हणजे दुपारी बारापर्यंत की रात्री बारापर्यंत, यात पैसे अडकतात. उदगीर-अहमदपूरच्या मंडळींनी तर खोली लागतेच का हेही बघावं, कारण दोनची परीक्षा असेल तर सकाळची एसटी पकडूनही वेळेत पोचता येतं.

लाल अक्षरात ‘आमच्याकडे शेवटची १ खोली’ दिसली की घाबरायचं नाही. त्या साइटच्या वाट्याची शेवटची असेल, लॉजची नाही. सरळ लॉजवर फोन करा. साइटवरून गिऱ्हाईक आलं की मालकाला कमिशन द्यावं लागतं, फोनवर आलं की नाही. बरेच दिवस मोठ्या साइट्सची अटच अशी असायची की हॉटेलनं दुसरीकडे कमी दर लावायचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींहून जास्त दंड ठोठावला आणि अशा अटी बदलायला सांगितलं. तेव्हा साइटचा दर समोर ठेवून ‘तुमच्याकडून थेट घेतली तर केवढ्याला?’ असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

कॅबचा मामला मात्र वेगळा. हॉटेलचं घड्याळ दिवसांचं, कॅबचं मिनिटांचं. आपल्यातले अर्धे लोक पुण्यात नोकरीला, त्यामुळे तिथलंच बघू. सोमवारी पहाटे नांदेड-लातूरहून आलेल्या ट्रॅव्हल्स हडपसरला एकामागून एक रिकाम्या होतात. शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या हातात बॅग आणि उघडं अ‍ॅप. शहराचे छोटे तुकडे पाडलेले असतात (उबरनं २०१८ मध्ये खुली केलेली एच-थ्री ही जाळी षटकोनी आहे) आणि त्या तुकड्यात गाड्या किती, मागणारे किती, यावर भाव चढतो. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या उबरचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं की दर पाच मिनिटांनी गुणक बदलतो, बरेच सर्ज पाच-दहा मिनिटांतच उतरतात आणि शेजारच्या भागात चालत गेल्यावर कधीकधी भाडं कमी होतं. अल्गोरिदम तेव्हापासून बदललेत, पण तर्क तोच आहे. म्हणून बसमधून उतरताक्षणी बटण दाबू नका. एक चहा घ्या. किंवा सगळे उतरतात त्याच्या एक स्टॉप पुढं उतरा. पाऊस असेल आणि गाड्याच नसतील, तर मात्र चहाचे चार कप घेऊनही उपयोग नाही. वाट बघण्याची युक्ती गर्दी तात्पुरती असेल तरच चालते.

मग ती तात्पुरती आहे की नाही, भाव चढलाय की नाही, हे ओळखायचं कसं? इथंच माझा खरा संताप आहे. पूर्वी अ‍ॅपवर ‘१.८ पट’ असं स्वच्छ दिसायचं. मग आधीच ठरलेलं एकच भाडं दाखवण्याची पद्धत आली आणि गुणक पडद्याआड गेला. आता ३६० दिसतं. ते २४० चं दीडपट आहे की साधंच ३६० आहे, कळायला मार्ग नाही. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा होती, जुलै २०२५ च्या सूचनांत ती दुप्पट झाली. अहो, पण मूळ भाडंच दिसत नसेल तर दुप्पट कशाची मोजायची? खाजगी ट्रॅव्हल्सना राज्यानं २०१८ मध्ये एसटीच्या दीडपटीची मर्यादा घातली. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय, पण निदान एसटीचं भाडं कुणालाही बघता येतं. मोजायला पट्टी तरी आहे. तोवर पुण्यात मीटरची पट्टी वापरा: २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढं किलोमीटरला १७. आठ किलोमीटरचे साधारण १३६. अ‍ॅपवरचा ऑटो २३० मागत असेल तर काय चाललंय ते कळलं.

‘पण स्टेशनवरचा ऑटोवालाही पहाटे जास्तच घेतो की!’ असं कुणीतरी म्हणणारच. घेतो ना. नांदेड स्टेशनवर तो तुमच्या बॅगा बघून दीडशे म्हणतो. पण तो आकडा तोंडावर सांगतो, तुम्ही शंभर म्हणू शकता, आणि मागच्या ऑटोवाल्याला ते ऐकू जातं. अ‍ॅपनं भाव चढवणं ठेवलं आणि घासाघीस तेवढी काढून टाकली. मागणी वाढली की भाव वाढणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोंढ्यात सोयाबीन विकणाऱ्या घरातल्या पोरांना ते शिकवायची गरज नाही. पण मोंढ्यात सौदा चारचौघांत पुकारला जातो.

तेव्हा मागायचंच असेल तर हे मागूया: भाड्याच्या शेजारी मूळ भाडं आणि गुणक, दोन्ही छापा. दोन आकडे आहेत, पडद्यावर भरपूर जागा आहे. आणि तोवर ते कुकीजचं ढकलपत्र मला पाठवू नका राव. तारीख कोणाची आहे तेवढं विचारा.