संगणकाशी गप्पा : आईची भिंत आणि एक कोरा कागद

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात जुन्या फोटोंवरचे डाग कसे काढायचे ते सांगितलं होतं. त्यानंतर मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात दोघातिघांनी विचारलं, की भारतातल्या घराला रंग द्यायचाय, तर इथे बसून तो फोटोत आधी बघता येईल का? येतो. पण मी स्वतः त्यात आधी तोंडघशी पडलो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आईचं डोंबिवलीचं घर. जून महिन्यात तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरात फोन आला, "अरे, हॉलची भिंत किती कळकट झालीय! मला दिसतच नव्हतं इतके दिवस." तिला फिकट पोपटी-हिरवा रंग हवा होता. रंगाच्या दुकानातून आणलेल्या कार्डावर तिने एका छटेवर खूण केली आणि हॉलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. म्हणाली, "भिंतीवर कसा दिसेल ते दाखव, मग रंगाऱ्याला बोलावते."

मी न्यू जर्सीत, रविवारची सकाळ, हातात चहा. भिंत निवडली, वर हिरव्या रंगाचा थर टाकला, त्याची मिसळण्याची पद्धत Multiply केली आणि पाठवून दिलं. भिंतीवरच्या सावल्या शाबूत राहिल्या म्हणून मी खुशीत होतो. आईचं उत्तर आलं : "हे तर पावसाळ्यातल्या गच्चीवरचं शेवाळ वाटतंय. नको बाई हिरवा."

चूक रंगाची नव्हती, माझी होती. Multiply म्हणजे अक्षरशः गुणाकार. खालचा आकडा गुणिले वरचा आकडा, भागिले 255. आईच्या फोटोत भिंत होती लाल 196, हिरवा 184, निळा 150, म्हणजे मळका पिवळट. कार्डावरच्या छटेचे आकडे होते 190, 208, 180. गुणाकार करून बघा : 146, 150, 106. निळा पार कोसळला, म्हणून शेवाळं. नवा रंग मी जणू जुन्या रंगावर काचेसारखा चढवला होता. खरा रंगारी तसं करत नाही. तो आधी भिंत घासतो, लांबी भरतो, पांढरा प्रायमर मारतो आणि मग रंग लावतो. फोटोतही आधी प्रायमर मारायला हवा.

पण प्रायमर किती पांढरा? इथेच कोरा कागद कामाला येतो. आईला सांगितलं, सकाळी दहाच्या सुमारास ट्यूबलाइट बंद करून फोटो काढ, आणि त्याआधी भिंतीवर दोन कोरे कागद चिकटव. एक खिडकीजवळ, दुसरा बाबांच्या तसबिरीच्या शेजारी, जिथे जरा अंधार असतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, नाहीतर तो आक्रसून येतो. "कागद कशाला? परीक्षा आहे का?" असं विचारत तिने पाठवला. त्या जागी, त्या उजेडात पांढरीशुभ्र भिंत कशी दिसली असती, ते तो कागद सांगतो. फक्त कागद फोटोत जळून 255 झालेला नको. तसा झाला तर त्यातून काहीच कळत नाही, फोटो परत काढावा लागतो.

आता काम. मी फोटोशॉप वापरतो, पण ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीतही हे सगळं होतं. सगळ्यात आधी पूर्ण फोटोवर Curves चा थर टाकून त्यातल्या राखाडी ड्रॉपरने कागदावर क्लिक करायचं, म्हणजे उजेडाचा पिवळेपणा जातो.

मग भिंतीची निवड. छत आणि भिंत एकाच क्रीम रंगाची असली की आपोआप निवडणारं साधन छतावर सांडतं. म्हणून मी Polygonal Lasso ने कोपऱ्याकोपऱ्यावर क्लिक करत गेलो. तसबीर, स्विचबोर्ड आणि ते दोन कागद निवडीतून वगळले, आणि मनी प्लँटची पानं नंतर मास्कवर बारीक ब्रशने काळी केली. मास्कमध्ये पांढरं ते दिसतं, काळं ते झाकतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. तसबिरीभोवती जुन्या क्रीम रंगाचा दोरा दिसत असेल तर मास्क चौकटीपर्यंत पोचलेला नाही. तो दोरा फोटो मोठा करूनच सापडतो. हा मास्क एका ग्रुपला लावला, म्हणजे आतल्या सगळ्या थरांना तोच लागू पडतो. ग्रुपची पद्धत Pass Through अशीच राहू द्या, नाहीतर आतले थर खालच्या फोटोला हात लावत नाहीत.

ग्रुपमध्ये सर्वांत खाली Hue/Saturation, त्यात सॅच्युरेशन -100. भिंत करडी झाली. तिच्यावर Levels. त्यातली पांढरी खूण डावीकडे सरकवत न्यायची आणि नजर कागदावर ठेवायची. भिंत उजळत जाते आणि एका क्षणी कागदाच्या कडा भिंतीत विरघळतात. तिथे थांबायचं. माझ्या फोटोत कागद 232 होता, त्याच्या शेजारची भिंत 173, आणि खूण 190 च्या आसपास आल्यावर दोन्ही एक झाले. दुसरा कागदही जवळजवळ दिसेनासा झाला, म्हणजे अंदाज बरोबर. प्रायमर झाला.

सर्वांत वर Solid Color चा थर, आईच्या छटेचे आकडे आणि Multiply. आता भिंत आली 173, 189, 164. कागद मुद्दाम तसेच ठेवले, शेजारी पांढरं असलं की डोळ्याला हिरव्याचा नीट अंदाज येतो.

"अजून पिवळाच दिसतोय," आई म्हणाली. मी सगळे आकडे पुन्हा तपासले. शेवटी लक्षात आलं, की ऑपरेशननंतर डोळ्यांना त्रास नको म्हणून शेजारच्या मुलाने तिच्या फोनवर पिवळा फिल्टर लावून दिला होता. तो बंद केल्यावर क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "हां. हा."

तरीही मी तिला थेट सगळा हॉल रंगवू दिला नाही. हिरवी भिंत छतावर आणि समोरच्या भिंतीवर आपली झाक टाकते, ती या फोटोत येत नाही. म्हणून छोटा डबा आणून दोन फूट चौकोनात दोन हात मारून घेतले, एक दिवस वाळू दिलं, आणि तिने सकाळी आणि संध्याकाळी बघितलं. ट्यूबलाइटखाली जरा गडद वाटला, म्हणून कार्डावरची एक पायरी फिकट छटा घेतली. मला फक्त Solid Color चे आकडे बदलावे लागले. थर वेगवेगळे ठेवण्याचा हाच फायदा. (फरशीचं गणित वेगळं. तिथे टाइल्स लांब जाताना लहान होत जातात. ते पुढच्या अंकात.)

रंगाऱ्याने बाबांची तसबीर उतरवली तेव्हा मागे स्वच्छ क्रीम रंगाचा चौकोन निघाला, बाबांनी आवडीने लावून घेतलेल्या रंगाचा. आईने व्हिडिओ कॉलवर तो दाखवला. मला वाटलं, आता बेत बदलणार. तिने हिरवाच लावून घेतला, पण तेवढा चौकोन सोडून. रंगारी कुरकुरला. तसबीर पुन्हा त्यावरच टांगली आहे.