टीकेचा रकाना रिकामा का?

शाळेत पुस्तक-परीक्षणाचा एक ठरलेला साचा आहे: सारांश, आवडलेले भाग, टीका, शिफारस. चार मथळे, प्रत्येकाला पाच गुण, एकूण वीस. मुलाने वर्गापुढे उभं राहून पाच मिनिटं बोलायचं आणि बसायचं. या साच्याशी माझं भांडण नाही. चारही गोष्टी परीक्षणात हव्यातच. माझं भांडण आहे ते त्या कशा भरल्या जातात आणि शिक्षक कशाला गुण देतात याच्याशी. पाचातली साडेतीन मिनिटं कथानकात जातात. आवडलेल्या भागात तेच कथानक आणखी एकदा येतं. टीकेच्या जागी ‘चित्रं कमी होती’ किंवा ‘या पुस्तकात दोष सापडला नाही’ एवढंच येतं. आणि शेवटी ‘सर्वांनी अवश्य वाचावं’. अशी परीक्षणं ऐकणाऱ्या वर्गाला पुस्तक कळत नाही, आणि बोलणाऱ्यालाही आपण काय वाचलं ते कळलेलं नसतं.

मी महाराष्ट्राबाहेरच्या शहरात राहतो. इथल्या मराठी घरांतली मुलं शाळेत तीन भाषांत वावरतात आणि मराठी पुस्तक बहुधा आजीच्या किंवा आईच्या आग्रहाने हातात घेतात. ते पुस्तक बहुतेक वेळा ‘श्यामची आई’ असतं. अशा एका वर्गात परीक्षक म्हणून बसलो असताना सातवीतल्या एका मुलीने याच पुस्तकावर बोलताना टीकेच्या मथळ्याखाली म्हटलं, की श्यामला पोहायला पाठवण्यासाठी आईने मारलं ते तिला पटलं नाही. शेजारच्या बाईंनी लगेच सांगितलं, ‘बेटा, ते त्या काळी तसंच होतं. या पुस्तकावर टीका करायची नसते.’ टीकेच्या रकान्यात पाचापैकी दोन गुण पडले. त्याच दिवशी ‘दोष सापडला नाही’ म्हणणाऱ्या मुलाला चार मिळाले होते. संपूर्ण वर्गात पुस्तक खरोखर वाचल्याचा पुरावा त्या एकाच वाक्यात होता, आणि नेमक्या त्याच वाक्याचे गुण कापले गेले.

बाईंचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि ते 1935 साली प्रसिद्ध झालं. त्यातली आई तर त्याच्याही आधीच्या कोकणातली. मुलाला शिंपटीने मारणं तेव्हा कुणाला खटकत नसे, हे खरंच आहे. पण हे झालं स्पष्टीकरण. ते टीकेच्या पोटात एका वाक्यात यायला हवं. टीका करायलाच नको, असा त्याचा अर्थ होत नाही.

मुलीच्या वाक्यातही एक उणीव होती, आणि ती दाखवणं हे शिक्षकाचं काम होतं. ‘आईने मारलं ते चूक’ ही आईवरची टीका झाली, पुस्तकावरची नव्हे. पात्र चुकीचं वागतं म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. तसं असतं तर महाभारताला एकही गुण देता आला नसता. मुलांना हा फरक आपोआप कळत नाही, पण एक प्रश्न विचारला की कळतो: ‘आई चुकली असं तुला वाटतं. मग पुस्तकाला काय वाटतं?’

या प्रश्नासरशी पोहण्याच्या रात्रीचा तो प्रसंग उलगडू लागतो. श्याम पाण्याला भितो आणि लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, हे तिचं कारण. श्याम पाण्यात उतरतो, त्याची भीती जाते, आणि नंतर आई पुन्हा हळवी होते. आता बघायचं, हे सगळं सांगतंय कोण? मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या मित्रांना, रात्री प्रार्थनेनंतर. त्याने आईला कधीच क्षमा केलेली आहे; क्षमाच काय, त्या माराबद्दल तो कृतज्ञ आहे. आणि ऐकणारे मित्र? ते भारावलेले आहेत. आईच्या वागण्यावर त्यांच्यापैकी कुणी उलट प्रश्न विचारून अडून बसलेला माझ्या वाचनात नाही. भीतीने लपलेल्या लहान श्यामचं त्या क्षणीचं म्हणणं मोठ्या श्यामच्या कृतज्ञतेखाली दबून जातं. सातवीतल्या मुलीला खटकत होतं ते हेच. ती दबलेल्या बाजूने बोलत होती. ‘पुस्तक मारण्याकडे फक्त मोठ्या झालेल्या श्यामच्या नजरेने बघतं, म्हणून लहान श्यामची भीती मला अपुरी वाटली’ हे वाक्य सातवीच्या आवाक्यातलं आहे, आणि ती पुस्तकावरची टीका आहे.

टीका खरी की रकाना भरण्यापुरती, हे ओळखायला मी एक साधी कसोटी लावतो. ते वाक्य उचलून दुसऱ्या पुस्तकावर ठेवून बघायचं. ‘चित्रं कमी’, ‘काही भाग कंटाळवाणा’, ‘भाषा कठीण’ ही वाक्यं कुठल्याही पुस्तकावर बसतात, म्हणून निरुपयोगी. ‘भाषा कठीण’चीसुद्धा टीका होऊ शकते, पण त्यासाठी कुठल्या रात्री, कुठल्या शब्दांपाशी अडलो आणि त्यामुळे काय निसटलं ते सांगावं लागतं. पत्रावळ लावण्याचा प्रसंग घ्या. पत्रावळ लावताना कधी पाहिलीच नाही, त्या फ्लॅटमधल्या मुलाला श्यामची फजिती दिसतच नाही. असं बोललं की ती तक्रार उरत नाही, वाचनाचा अनुभव होते.

मग मांडणी कशी करावी? माझं मत असं, की बोलण्याचा क्रम आहे तोच ठेवावा, पण तयारी उलट्या क्रमाने करावी. आधी टीका शोधायची. पुस्तकात कुठे थांबलो, कुठे मनात ‘असं कसं?’ आलं, ते पान आधी काढायचं. मग आवडलेला भाग त्याच्या आसपास शोधायचा. त्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं, की तिला आवडलेली जागाही पोहण्याच्याच रात्रीत होती. श्यामची पाण्याची भीती जाते ती. मारलेलं पटत नाही आणि भीती गेलेली आवडते, या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात आहेत आणि एकमेकींना ओढतात. हा ताण तिने वर्गापुढे ठेवला असता तर पाच मिनिटं पुरली नसती. पण साच्याने तिला आवडलेल्या भागासाठी दुसरंच काही निवडायला लावलं, कारण ‘एकच प्रसंग दोनदा आणू नये’ असं तिला सांगितलं होतं.

आवडलेला भाग एकच असावा आणि त्यातली सात-आठ वाक्यं पुस्तकातून, मूळ मराठीत, मोठ्याने वाचावीत. परीक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत चाललं असेल तरीसुद्धा. आमच्याकडच्या वर्गात अर्ध्या मुलांना मराठी कळत नाही म्हणून हे टाळतात, पण वाचून झाल्यावर दोन वाक्यांत अर्थ सांगता येतो. पुस्तकाचा आवाज मात्र वर्गात दुसऱ्या कुठल्या मार्गाने येणार?

सारांश सगळ्यात शेवटी लिहायचा, कारण आता तो कशासाठी हवा हे कळलेलं असतं: पुढचा प्रसंग ऐकणाऱ्याला समजावा, एवढ्यापुरताच. शाळकरी मूल न धावता बोललं तर मिनिटाला शे-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे एका मिनिटाच्या सारांशाला पाच-सहा वाक्यं मिळतात. ‘श्यामची आई’त सलग कथानक नाहीच, वेगवेगळ्या रात्रींच्या आठवणी आहेत. त्या ओळीने सांगत बसलं की ‘मग... मग...’ सुरू होतं. परीक्षकाने मग मोजावेत. तीनच्या वर गेले की सारांश वाहवत गेला समजावं. इथे पुरेल एवढं असं: मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री आईच्या आठवणी सांगतो, कोकणातलं एक घर कर्जाने हळूहळू खचत जातं, त्या ओढाताणीत आई मुलाला काय शिकवते, कधी मायेने तर कधी कठोरपणे, त्यातली एक रात्र पोहण्याची. शेवट सांगू नये हा नियमही इथे लटका आहे. श्याम आठवणी सांगतोय तेव्हाच आई आता नाही हे जाणवतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रहस्यकथेचं परीक्षण असेल तर गोष्ट वेगळी. आणि सारांश पुस्तकाचा द्यावा. 1953 सालच्या आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाचा देणारी मुलंही मी ऐकली आहेत.

एक मिनिट सारांश, दीड मिनिट वाचनासकट आवडलेला भाग, दीड मिनिट टीका, अर्धं मिनिट शिफारस. उरलेलं अर्धं मिनिट पान उलटायला, श्वास घ्यायला आणि घाबरायला. घाबरायला वेळ ठेवलाच पाहिजे, नाहीतर तो टीकेतून कापला जातो.

शिफारशीत ‘सर्वांनी’ हा शब्द मी बंद करीन. शिफारस माणसाला करतात. कुणाला हे पुस्तक द्याल, आणि कुणाला आत्ता देणार नाही? वर्गातली एक मुलगी मला म्हणाली होती, की नुकतंच ज्याच्या घरी कुणी गेलं आहे त्याला मी हे आत्ता देणार नाही. तिने वाचलं होतं, हे कळायला मला आणखी काही नको होतं. कसं वाचावं हेही शिफारशीत यावं: एका दिवशी एक रात्र, आणि शक्यतो घरातल्या कुणा मोठ्या माणसाबरोबर, म्हणजे अडलेला शब्द तिथल्या तिथे विचारता येतो.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. पंचेचाळीस मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे सव्वादोनशे मिनिटं. चाळीस मिनिटांचे जवळजवळ सहा तास. त्यात प्रत्येकाच्या टीकेशी बोलत बसायला वेळ कुठून आणायचा? म्हणून चार रकाने सारख्या गुणांचे केले, की तपासणं सोपं जातं. पण सारख्या गुणांमुळेच मुलं सारांशाकडे झुकतात. तो मलपृष्ठावर तयार मिळतो आणि त्यात चूक निघत नाही. वीस गुणच द्यायचे तर सारांशाला तीन, आवडलेल्या भागाला सहा, टीकेला आठ आणि शिफारशीला तीन द्या. तपासायला एक मिनिटही जास्त लागत नाही. आणि ‘दोष सापडला नाही’ या उत्तराला आठापैकी शून्य द्या, मग पुस्तक कितीही थोर असो.