पेंड आधी, तेल नंतर

‘आपण एकत्र काम करू, दोघांचाही फायदा आहे’ असं म्हणत छोटे व्यावसायिक एकमेकांकडे जातात, चहा होतो आणि विषय तिथंच संपतो. माझ्या मते याचं कारण अविश्वास हे नसतं. समोरच्याचा आज कुठं पैसा जातोय, हे प्रस्ताव मांडणाऱ्याने पाहिलेलंच नसतं. तालुक्याच्या गावातला लाकडी घाणा आणि जवळचा म्हशींचा गोठा ही जोडी घेऊ. घाणेवाला गोठ्याकडे जातो तो बहुधा तेल घेऊन: तुमचं दूध घरोघरी जातं, त्याबरोबर माझ्या बाटल्याही जाऊ द्या. गोठेवाल्याला यात डोक्याला ताप तेवढा दिसतो, आणि त्याचं चूक नाही. दूध रोज लागतं, तेल महिन्यातून एकदा.

बोलणी पेंडीपासून सुरू व्हायला हवीत. घाण्यावर शंभर किलो शेंगदाणा गाळला की साधारण चाळीस किलो तेल निघतं आणि उरलेली बहुतेक पेंड असते. वजनाने पाहिलं तर घाणेवाला तेलापेक्षा पेंडच जास्त तयार करतो, फक्त तिच्याकडे धंदा म्हणून पाहत नाही. समजा, दुकानदार ती ४० रुपये किलोने उचलतो आणि गोठेवाला त्याच दुकानातून ४८ रुपयांनी घेतो. तीस म्हशींना दिवसाला दीड किलोप्रमाणे ४५ किलो पेंड लागेल. दोघांनी ४४ रुपये भाव ठरवला तर रोज प्रत्येकाचे १८० रुपये वाचतात, म्हणजे महिन्याला ५,४०० रुपये. तेलाचं गणितही मांडू. रतीबाच्या तीस घरांनी दोन-दोन लिटर घेतलं आणि लिटरमागे १५ रुपये कमिशन धरलं, तर गोठेवाल्याच्या हाती ९०० रुपये येतात. त्यासाठी तेल सीलबंद लागतं, कारण सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे, शिवाय दूधवाल्याच्या अन्नपरवान्यात तेलाची नोंदही हवी. एवढ्या खटाटोपाला ९०० रुपये म्हणजे फार काही नाही. म्हणून तेलाचा विषय दुसऱ्या भेटीसाठी ठेवावा.

गोठेवाल्याची खरी हरकत भावाला नसते, मालाला असते. ती रास्त आहे. घाण्यात तेल सुटण्यासाठी पाण्याचा शिपका मारतात, त्यामुळे पेंड ओलसर असते आणि पावसाळ्यात लवकर बुरशी धरते. गोठा जवळ असेल आणि पेंड ताजी उचलली जात असेल, तर ही अडचण बरीच कमी होते. दुसरी अडचण मात्र ताजेपणाने सुटत नाही. दाणाच बुरशीचा असेल तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष तेलात थोडंच उतरतं, बहुतेक पेंडीत राहतं. म्हशीच्या पोटातून त्याचा अंश दुधात येतो, आणि दुधातल्या एम-१ या रूपासाठी कायद्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. पेंडीकडे नुसतं बघून किंवा ती हुंगून हे कळत नाही. म्हणून दाण्याच्या प्रत्येक नव्या लॉटची प्रयोगशाळेत तपासणी करायची आणि खर्च निम्मा-निम्मा वाटायचा, हे कलम प्रस्तावातच हवं. घाणेवाल्याला ते जड वाटेल, पण दुकानदाराच्या पोत्याबरोबर असा कागद कधीच येत नाही, आणि चार रुपयांच्या फरकापेक्षा गोठेवाल्याला त्याची किंमत जास्त आहे.

‘भागीदारी म्हटली की भांडण आलं’, हा आक्षेपही ऐकू येतो. तो कायदेशीर भागीदारीला लागू पडतो: १९३२ च्या कायद्यानुसार तिथं एका भागीदाराने पेढीसाठी केलेल्या देण्याला दुसराही जबाबदार असतो. इथं नफ्याची वाटणी नको आणि एकत्र खातंही नको. दोन वेगळी बिलं, आठवड्याला हिशेब आणि पंधरा दिवसांच्या सूचनेवर मोकळं होण्याची मुभा, एवढंच पुरे. एकमेव गिऱ्हाईक सोडून गेलं तर काय, या घाणेवाल्याच्या भीतीला उत्तर आकड्यातच आहे: रोजच्या शंभर किलोच्या गाळपात ४५ किलो गोठ्याला देऊनही दहा-बारा किलो पेंड जुन्या गिऱ्हाइकांसाठी उरते. ती तोडू नयेत.

मग प्रस्तावाच्या शेवटी ‘कळवा’ असं न लिहिता तीन आठवड्यांची चाचणी मागावी. लॉटचा अहवाल हाती आल्यावर दहा म्हशींचं आंबोण हळूहळू बदलायचं. पहिला आठवडा हिशेबात धरायचा नाही, कारण खुराक बदलला की जनावराला रुळायला वेळ लागतो. पुढचे दोन आठवडे त्या दहा आणि उरलेल्या वीस म्हशींचं दूध आणि फॅट वेगवेगळ्या वहीत लिहायचं. चाचणीपुरता भाव ४४ रुपयेच, पैसे रोख. एकविसाव्या दिवशी सकाळची धार काढून झाल्यावर दोघांनी वह्या घेऊन गोठ्यावर बसायचं. दूध किंवा फॅट घटलं असेल तर व्यवहार तिथंच थांबेल. तेवढंच राहिलं असेल, तर उरलेल्या वीस म्हशींची पेंड कोणत्या तारखेपासून, हे त्याच बैठकीत ठरवावं.