जूनच्या आत हे पत्र नव्यानं लिहू या

दर उन्हाळ्यात भोर आणि वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, वाड्यावस्त्यांमधून मदतीची पत्रं निघतात. पुण्याला नोकरीवर असलेल्या गावकऱ्यांना, मुंबईकर मंडळींना, कंपन्यांना. बहुतेक पत्रांची सुरुवात शाळेच्या स्थापनेच्या वर्षानं होते. मग इमारतीचा इतिहास, मग अडचणींची यादी. शेवटी एक ओळ : ‘तरी आपण सढळ हाताने मदत करावी.’

ही पत्रं वाचणारे आपणच आहोत. आपल्या मनात गावाविषयी माया आहे. तरीही पत्र वाचून आपण फोन खाली ठेवतो, कारण नेमकं काय द्यायचं, किती, कधीपर्यंत, हे त्यात कुठेच नसतं.

यंदा ते परवडणारं नाही. पट घटतोय. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. त्यात नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि आपलं पानशेत यांची नावं होती. मोठ्या शाळेत वर्गमित्र मिळतात, इयत्तेला शिक्षक मिळतो, हे खरंच. पण वाडीतल्या मुलासाठी शाळा लांब जाते. मग सगळं एका गाडीवर येऊन ठेपतं. गाडी असेल तर शाळा आहे. गाडी थांबली की आधी पावसाळ्यात गैरहजेरी वाढते आणि पुढे मुलाचं नावच पटावरून गळतं.

ती गाडी चालू ठेवायची, तर पत्र बदलायला हवं. कसं, ते एका नमुन्यावर पाहू. यातली मुलगी आणि आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या शाळेचे खरे तपशील आपण तिथे भरायचे.

इतिहास खाली जाऊ दे. पत्र असं सुरू होऊ दे :

‘कोमल (नाव बदललं आहे) चौथीत आहे. तिच्या घरापासून शाळा सहा किलोमीटर. जुलैत ओढ्याला पाणी आलं की पायवाट बंद होते. गेल्या पावसाळ्यात ती एकोणीस दिवस शाळेत पोचू शकली नाही. त्याच दिवसांत वर्गात भागाकार शिकवून झाला. तिच्या वाडीतून आणखी सात मुलं याच वाटेनं येतात.’

सहा वाक्यं झाली, आणि वाचणारा ओढ्याकाठी पोचला. ‘एकोणीस दिवस’ हा आकडा अंदाजानं लिहायचा नाही, तो हजेरीपत्रकातून काढायचा. ‘दुर्गम भागातील गरीब विद्यार्थी’ असं लिहून जे कळत नाही, ते या एका आकड्यातून कळतं.

एका मुलापासून सुरुवात का? डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीची गोष्ट दिली, काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी. गोष्ट वाचणाऱ्यांनी दुपटीहून जास्त पैसे दिले. गोष्टीला आकडेवारी जोडली, तर देणगी पुन्हा घटली. मात्र २०२३ मध्ये हाच प्रयोग दुसऱ्या गटानं मोठ्या प्रमाणावर करून पाहिला, तेव्हा तसा फरक आढळला नाही. म्हणून नुसत्या गोष्टीच्या भरवशावर राहायचं नाही. गोष्टीनं माणूस वाचायला थांबेल. तो देईल, ते नेमकी मागणी समोर आली तर.

आता मागणी. समजा, जीपवाला दिवसाला ६०० रुपये सांगतो. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. म्हणजे १,२०,००० रुपये. मुलं आठ, तर दर मुलामागे १५,०००. समग्र शिक्षा योजनेत दुर्गम वस्तीतल्या मुलाला वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्ता मिळू शकतो. आपल्या मुलांना तो मंजूर आहे का, किती आणि कधी हाती येतो, हे आधी केंद्रप्रमुखांना विचारायचं. पूर्ण मिळाला, तर मुलामागे कमी पडतात ९,०००, म्हणजे दिवसाला ४५ रुपये.

मग पत्रात लिहायचं : ‘४५ रुपयांत एका मुलाचा एक दिवस. ९०० रुपयांत साधारण महिनाभर. ९,००० रुपयांत पूर्ण वर्ष. आठ मुलांसाठी आम्हाला ७२,००० रुपये हवेत, ३१ मेपर्यंत, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत गाडी ठरवावी लागते.’

सरकार काय देतं हे लपवायचं नाही. ते सांगितलं की वाचणाऱ्याला कळतं, आपले पैसे नेमके कुठली फट भरणार आहेत. निम्मीच रक्कम जमली तर काय, हेही आधीच लिहायचं : ‘३६,००० जमले, तर भत्ता धरून गाडी पहिले एकशे चाळीस दिवस चालेल, म्हणजे पावसाळा निभावेल. जास्त जमले, तर ते पुढच्या वर्षीच्या गाडीसाठी राहतील.’

पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर घ्यायचे, कुणा एकाच्या खात्यावर नाही. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून हिशेब गावातच राहतो. प्रत्येकाला पावती द्यायची. करसवलतीचं प्रमाणपत्र हातात नसेल, तर पत्रात करसवलतीचा उल्लेख करायचा नाही. परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांकडून पैसे घेण्याआधी परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परवानगी लागते, तेही तपासायचं.

एक पथ्य मात्र कधीही मोडायचं नाही. कोमल कुणाची दया मागत नाही. तिचं खरं नाव, वाडीचं नाव आणि चेहरा एकत्र छापायचा नाही. पत्र पाठवण्याआधी ते तिच्या आईवडिलांना वाचून दाखवायचं, त्यांना नको वाटेल ते वाक्य काढायचं. पैसे एकट्या कोमलला नाही, आठही मुलांच्या गाडीला जाणार, हे स्पष्ट लिहायचं. नाहीतर गावातच गैरसमज होतो आणि त्याचा त्रास त्या मुलीला होतो.

हे सगळं शिक्षकांवर टाकून चालणार नाही. दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना पत्राचे चार खर्डे करायला वेळ कुठून मिळणार? ते काम आपल्याला जमतं. कुणी बँकेत आहे, कुणी छापखान्यात, कुणी कंपनीत रोज ईमेल लिहितं. आपल्यापैकी एकानं हजेरीपत्रक बघावं, एकानं जीपवाल्याकडून लेखी दर घ्यावा आणि गाडीचा विमा-परवाना तपासावा, एकानं खर्डा लिहावा. मग तो गावाबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्यावा आणि विचारावं : किती पैसे, कशासाठी, कधीपर्यंत? तिन्ही उत्तरं लगेच आली नाहीत, तर पत्र पुन्हा लिहावं.

देणाऱ्यांना दिवाळीच्या सुमारास दुसरं पत्र जायलाच हवं : गाडी किती दिवस चालली, किती मुलं आली, किती पैसे उरले. हे पत्र गेलं, तर पुढच्या वर्षी हात पसरावा लागणार नाही, नुसती आठवण करून दिली तरी पुरेल.

या रविवारी गावाकडे फोन लावू या. शाळेचं जुनं पत्र मागवून घेऊ या, त्यातली ‘सढळ हाताने’ची ओळ खोडू या आणि तिथे रक्कम व तारीख लिहू या. आणि पहिले नऊशे रुपये आपण, हे वाचणाऱ्यांनीच, भरू या.