वीस रुपयांचा तोटा, पाचशेची रोजी

खासगी नोकऱ्यांत आरक्षणाचा विषय निघाला की अर्थशास्त्र शिकलेले लोक मला हमखास एक गोष्ट ऐकवतात. बाजाराला जात कळत नाही, जो मालक जात बघून माणूस नाकारतो त्याचाच तोटा होतो. हे पुस्तकातलं गणित खरं आहे. म्हणूनच ते शेवटपर्यंत मांडून पाहू.

शर्ट शिवणारा एक छोटा कारखाना घ्या. एका शर्टामागे मालकाला ४० रुपये शिलाई मिळते आणि बाजारातली रोजी ५०० रुपये आहे. दोन्ही आकडे त्याच्या हातात नाहीत. पहिला कामगार दिवसाला २० शर्ट शिवतो, म्हणजे ८०० रुपये आणतो. दुसऱ्यामुळे १८ शर्ट वाढतात, तिसऱ्यामुळे १५, चौथ्यामुळे १३, पाचव्यामुळे ११. पाचही जण सारखेच कुशल आहेत. भर घटते, कारण मशीन तेवढ्याच आहेत.

प्रत्येक नव्या माणसामुळे वाढणाऱ्या या मिळकतीला सीमांत प्राप्ती उत्पादकता म्हणतात. ती रोजीपेक्षा जास्त असेपर्यंत मालक माणूस घेतो. चौथा ५२० आणतो, म्हणून त्याला घेतो. पाचवा ४४० आणतो, म्हणून त्याला घेत नाही. चौघांवर त्याला ६४० रुपये उरतात, पाच घेतले तर ५८०.

आता चौथ्याचं आडनाव मालकाला खटकलं आणि त्याने त्याला परत पाठवलं. मालकाने किती गमावलं? ५२० वजा ५००, म्हणजे दिवसाला वीस रुपये. त्या माणसाची मात्र ५०० रुपयांची रोजी गेली. आणि दारात त्याच रोजीवर, तेवढंच कौशल्य असलेला दुसऱ्या जातीचा माणूस उभा असेल, तर मालकाचा तोटा शून्य. जिथे बेकारी आहे तिथे असा माणूस बहुतेक वेळा उभा असतोच.

गॅरी बेकर यांनी १९५७ साली मांडलं की भेदभाव करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. पण ती मोजावी लागते केव्हा? आवडत्या जातीचा माणूस महाग पडतो तेव्हा. रोजी सारखी आणि रांग लांब असेल, तर बाजाराकडे शिक्षा करायला काहीच उरत नाही.

शिवाय शर्ट मोजता येतात ते माणूस कामाला लागल्यावर. पदवीधराच्या नोकरीत मालकासमोर फक्त अर्ज असतो, उत्पादकतेचा अंदाज त्यावरूनच बांधला जातो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या जेमतेम दोन-तृतीयांश निघाली.

म्हणून माझं म्हणणं असं, की खासगी कंपन्यांना अर्ज किती आले, बोलावलं कुणाला आणि घेतलं कुणाला, हे सामाजिक गटवार जाहीर करायला कायद्याने लावलं पाहिजे. ज्या तोट्यावर बाजाराची सगळी भिस्त आहे तो वीस रुपयांचा आहे, कधी तेवढाही नाही. तेवढ्याने जात सुटत नाही.