रिव्ह्यूच्या स्क्रिप्टमध्ये पैशांची ओळ आधी लिहा, तोटे आपोआप खरे निघतील

रिव्ह्यू व्हिडिओची स्क्रिप्ट लिहायला बसलात की सुरुवात कशी करता? बहुतेकांची सुरुवात एकच असते. नमस्कार, चॅनलचं नाव, ‘आज मी तुमच्यासाठी एक भन्नाट वस्तू घेऊन आलोय’, मग बॉक्स, मग फायदे, आणि अगदी शेवटी घाईघाईत ‘थँक्यू अमुक कंपनी’. कंपनीने पैसे दिलेत हे सांगायचं काम त्या थँक्यूवर ढकललेलं असतं.

माझं मत सरळ आहे. वस्तू कुठून आली आणि त्यात तुम्हाला काय मिळतंय, ही ओळ स्क्रिप्टमध्ये सगळ्यात आधी लिहा. कायद्यासाठी लिहायचीच आहे, पण मी ती आधी लिहायला सांगतो त्याचं कारण वेगळं आहे. ती ओळ कागदावर आली की समोरचा माणूस काय शंका घेणार हे तुम्हाला दिसायला लागतं, आणि तोट्यांचा भाग आपोआप नीट लिहिला जातो. ती शेवटी ठेवली की तोट्यांच्या जागी गुळमुळीत काहीतरी येतं.

एक उदाहरण घेऊ. माझ्या बॅचमधल्या एक ताई घरी मसाले आणि चिवडा करून विकतात. त्यांचा छोटासा व्हिडिओ चॅनल आहे आणि बघणाऱ्या बहुतेक त्यांच्यासारख्याच घरगुती उद्योग करणाऱ्या बायका. एका कंपनीने त्यांना आठ इंची हँड सीलर, म्हणजे पिशवीचं तोंड गरम करून चिकटवायचं हाताने दाबायचं मशीन, देऊ केलं. मशीन फुकट, व्हिडिओचे तीन हजार रुपये, आणि त्यांच्या कूपन कोडवर विक्री झाली की कमिशन. ताईंनी स्क्रिप्ट लिहून आणली. शेवटची ओळ होती, ‘तोटा शोधूनही सापडला नाही, फक्त रंग एकच मिळतो.’

मी विचारलं, ‘ताई, मशीन किती दिवस वापरलंत?’ त्या म्हणाल्या, ‘सर, अजून बॉक्स उघडायचाय. उघडतानाच शूट करणार ना.’

इथेच गोंधळ आहे. अनबॉक्सिंग आणि रिव्ह्यू एकाच दिवशी शूट झाले तर दुसरा भाग रिव्ह्यू होतच नाही, बॉक्सवरचा मजकूर मोठ्याने वाचणं होतं. भारतात २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल जे नियम आले, त्यातही हेच आहे: एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याचं मत खरं असलं पाहिजे आणि ते पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असलं पाहिजे. म्हणून आम्ही दोन शूट ठरवले. पहिल्या दिवशी फक्त बॉक्स, आणि बारा दिवसांनी रिव्ह्यू.

आता ती पहिली ओळ. ताईंनी आधी लिहिलं होतं, ‘या व्हिडिओसाठी सहकार्य केल्याबद्दल धन्यवाद.’ यातून बघणाऱ्या बाईला काय कळणार? सहकार्य म्हणजे काय, मशीन उसनं दिलं की पैसे दिले? आम्ही ते असं बदललं:

‘ही जाहिरात आहे. हे मशीन मला कंपनीने फुकट दिलंय, व्हिडिओचे पैसेही दिलेत, आणि खाली दिलेला कोड वापरून तुम्ही घेतलंत तर मला कमिशन मिळतं. मशीन मी बारा दिवस वापरलं, आणि काय दिसलं ते सांगते.’

बोलायला पंधरा सेकंदही लागत नाहीत. रक्कम सांगायची गरज नाही, पण संबंधाचा प्रकार पूर्ण सांगायचा. फुकट वस्तू, सवलत, कमिशन, कंपनीत नातेवाईक असणं, हे सगळं ‘आर्थिक हितसंबंध’ या खात्यातच मोजलं जातं. रोख पैसे घेतले नाहीत म्हणून सांगायला नको, हा गैरसमज काढून टाका.

ही ओळ कुठे ठेवायची याचेही नियम आहेत. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे व्हिडिओत ही माहिती बोलूनही सांगायची आणि पडद्यावरही दाखवायची, आणि ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत. म्हणजे सगळा व्हिडिओ मराठीत आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं, हे चालणार नाही. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत ज्या भागात त्या ब्रँडबद्दल बोलणं चालू आहे, त्या पूर्ण भागात लेबल दिसत राहिलं पाहिजे. ताईंचा सहा मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण त्याच मशीनवर होता, म्हणून ‘जाहिरात’ हा शब्द आम्ही वरच्या कोपऱ्यात सहाही मिनिटं ठेवला. यूट्यूबवर अपलोड करताना पेड प्रमोशनचा चौकोन टिक केला की सुरुवातीला काही सेकंद `Includes paid promotion` असं येतं. टिक कराच, पण ते इंग्रजीत आहे आणि लगेच जातं, त्यामुळे आपलं लेबल त्याने सुटत नाही. वर्णनात दहा हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेलं ‘स्पॉन्सर्ड’ तर धरूच नका.

‘सर, पहिल्याच वाक्याला जाहिरात म्हटलं तर लोक निघून जातील.’ हा आक्षेप मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. काही जण जातील, खरं आहे. पण तुमचा प्रेक्षक कोण आहे ते बघा. ती बाई हजार-दीड हजाराचं मशीन घ्यायचं की मेणबत्तीवर पिशवी चिकटवायचं चालू ठेवायचं, हे ठरवायला बसलीय. तिला करमणूक नकोय. शेवटपर्यंत ऐकून मग कळलं की हे पैशांसाठी होतं, तर ती त्या मशीनवरचा विश्वास सोडेलच, शिवाय तुमच्या चिवड्यावरचाही सोडेल. तुमचा चॅनल आणि तुमचा माल एकाच नावाने चालतो, हे पूर्णवेळ व्हिडिओ करणाऱ्यांपेक्षा आपलं वेगळेपण आहे.

बॉक्स उघडण्याचा भाग मी फार लांबवू देत नाही. पॅकिंग कसं आहे यात कोणाला रस नसतो. पण काही गोष्टी कॅमेऱ्यासमोर दिसायलाच हव्यात: पार्सल बंद आहे, आत काय काय निघालं, आणि वॉरंटी कार्डावर खरंच काय लिहिलंय. सीलरमध्ये एक तापणारी तार असते आणि तिच्यावर टेफ्लॉनची पट्टी. या दोन गोष्टी वापरून खराब होतात आणि बदलाव्या लागतात. म्हणून बॉक्समध्ये जादा तार-पट्टी आहे का, हे दाखवणं बॉडीच्या रंगापेक्षा महत्त्वाचं. आणखी एक: कंपनीने पाठवलेला नग निवडून पाठवलेला असू शकतो. हे स्क्रिप्टमध्ये एका वाक्यात सांगून टाका.

मग बारा दिवस. ताईंना मी एक वही दिली आणि सांगितलं, जे नेहमी भरता तेच भरा. त्यांच्या वहीतून जे निघालं ते असं. पातळ पारदर्शक पिशव्या छान चिकटल्या, एकही सुटली नाही. जाड, आतून चंदेरी असलेल्या उभ्या पाऊचला डायल शेवटपर्यंत फिरवूनही सील कच्चं राहिलं, बोटाने ओढलं की उघडत होतं. पिशवीच्या तोंडाशी मिरचीपूड किंवा चिवड्याचं तेल लागलं असेल तर वरून सील बरोबर दिसायचं, पण पिशवी दाबली की हवा निघायची. आणि सलग पन्नास-साठ पिशव्या केल्यावर तार इतकी तापली की तोच नंबर ठेवला तर प्लास्टिक वितळून कापलं जायचं. डायल एक घर खाली आणावा लागला. डायलवरचे आकडे तापमानाचे नसतात, तार किती वेळ तापणार त्याचे असतात, हे त्यांना तेव्हा समजलं. दिवा विझल्यावर हँडल आणखी सेकंद-दोन सेकंद दाबून ठेवलं की सील थंड होऊन पक्कं बसतं, हेही.

आता यातलं तोटा कोणतं? इथे मी एकच कसोटी लावतो. ही गोष्ट कळल्यावर कोणीतरी मशीन न घेण्याचा निर्णय घेऊ शकतो का? ‘रंग एकच मिळतो’ ऐकून कोणी खरेदी थांबवत नाही, म्हणून तो तोटा नाही, तोट्याचं सोंग आहे. जाड चंदेरी पाऊच नीट चिकटत नाही, हा खरा तोटा. त्या पाऊचमध्ये माल भरणाऱ्या बाईचे पैसे वाया जाणार. तिला सतत तापत राहणारं, जास्त उष्णता देणारं वेगळ्या प्रकारचं सीलर लागतं, आणि ते वाक्य स्क्रिप्टमध्ये हवं, मग स्पॉन्सर ते विकत असो वा नसो. तोंडाशी पूड लागल्यावर गळणं मात्र या मशीनचा दोष नाही, कोणत्याही सीलरला तेच होईल. ते ‘वापरताना काळजी’ या भागात घाला. निष्पक्ष दिसण्यासाठी वस्तूच्या माथी नसलेला दोष मारणं हाही अन्यायच.

फायद्यांनाही हीच शिस्त. ‘एकदम मजबूत सील’ असं लिहू नका. पिशवीत पाणी भरून, उलटी धरून दाबा आणि तो शॉट न कापता दाखवा. मग विशेषण लागत नाही. आणि तोटे शेवटच्या मिनिटात ढकलू नका. ज्या फायद्याला मर्यादा आहे, तिथेच ती सांगा. पातळ पिशवीचा शॉट झाला की लगेच चंदेरी पाऊचचा.

कंपनीने स्क्रिप्ट आधी बघायला मागितली. द्यायला हरकत नाही, पण पैसे घेण्याआधी मेसेजवर लिहून ठेवा: माहितीत चूक असेल तर सुधारू, अनुभव बदलणार नाही. ताईंना कंपनीने चंदेरी पाऊचचा भाग काढायला सांगितलं. ताईंनी विचारलं, ‘हे मशीन त्या पाऊचसाठी आहे असं तुम्ही कुठे म्हटलंय का?’ नव्हतं म्हटलेलं. मग तो भाग राहिला, फक्त ‘कंपनीही हे मशीन पातळ पिशव्यांसाठीच सांगते’ एवढं वाक्य जोडलं. ते खरंच होतं, आणि बघणारीलाही उपयोगाचं.

तुम्ही स्वतः दुकानदार असाल तर अजून एक गाठ आहे. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, हे सीलर मी विकतो. मला कोणी स्पॉन्सर केलेलं नसलं तरी माझा फायदा आहेच. म्हणून माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ असते, ‘हे मशीन माझ्या दुकानात विकायला आहे, विकलं की मला पैसे मिळतात.’ दोन मॉडेलची तुलना करत असेन तर कोणत्यात मला जास्त सुटतं, तेही सांगतो.

ताईंच्या स्क्रिप्टचा शेवट आता असा आहे: ‘रोज तीस-चाळीस पातळ पिशव्या भरत असाल तर हे मशीन पुरेल. उभे चंदेरी पाऊच वापरत असाल तर हे घेऊ नका. कोड खाली आहे, आणि त्यातून मला कमिशन मिळतं, हे परत एकदा सांगते.’