वीज गेली आणि नंबर मागे फिरले

मागे राहुरीच्या एका बियाण्यांच्या गोडाऊनमधून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे तिथले मॅनेजर. "एकाच नंबरची दोन पोती सापडलीत. एकात फुले संगम, दुसऱ्यात फुले किमया."

पोटात गोळाच आला. दोन्ही सोयाबीनची वाणं, राहुरीच्याच कृषी विद्यापीठाची. पोत्यातले दाणे नुसते बघून वाण सांगणं अवघड. प्लॉटवरून आलेल्या पोत्यावर फक्त नंबराचं लेबल असतं, वाण कॉम्प्युटर सांगतो. नंबर चुकला तर भेसळ नक्की. आणि लेबलं छापणारा प्रोग्रॅम माझा!

शनिवारी पोचलो आणि आधी प्रिंटरवर खापर फोडलं. अण्णांनी शांतपणे वही पुढे केली. "सकाळी २०० लेबलं लावली होती छापायला, ४२०१ पासून. ४२८० ला वीज गेली. दुपारी दुसरी थप्पी घेतली तर पुन्हा ४२०१. मधूनच कुठून नाही, बरोब्बर सकाळच्या पहिल्या नंबरापासून."

तिथेच ट्यूब पेटली. माझा प्रोग्रॅम फाईलमधून शेवटचा नंबर वाचायचा, पुढची मोजणी मेमरीत करायचा आणि सगळी लेबलं छापून झाली की मगच फाईलमध्ये नवा नंबर लिहायचा. वीज गेली, मेमरी पुसली, फाईलमध्ये ४२०० तसाच.

मी लगेच प्रत्येक लेबलानंतर नंबर लिहायची सोय केली. अण्णा म्हणाले, "मग बघू की," आणि छपाई चालू असताना कॉम्प्युटरचा प्लगच उपटला. चालू केल्यावर शेवटचे सहा नंबर पुन्हा आले! कारण फाईलमध्ये लिहिलं म्हणजे डिस्कवर गेलं असं नसतं. विंडोज ते थोडा वेळ मेमरीतच ठेवतं. पायथॉनमध्ये `flush()` नंतर `os.fsync()` म्हणावं लागतं. तेही करून आधी छापलं आणि मग लिहिलं, तर मधल्या क्षणी वीज जाऊ शकतेच.

म्हणून क्रमच उलटा केला. २०० लेबलं हवीत तर आधी ४४०० डिस्कवर पक्कं करायचं, मग ४२०१ पासून छापायचं.

"पण ८० वर वीज गेली तर १२० नंबर वाया जातील," मी म्हटलं.

अण्णा हसले. "पावती फाटली तर आम्ही 'रद्द' लिहितो. तो नंबर दुसऱ्याला देतो का?"

खरं सांगतो, नंबर वाया जाऊ नयेत म्हणूनच मी आधी तसं लिहिलं होतं. आता माझं ठाम मत आहे: नंबरांत खड्डे पडले तर पडू द्या. खड्डा वहीत दिसतो, जुळे नंबर गुपचूप बसतात.

एक गोष्ट मात्र मोजणी सुधारून थांबत नाही. वीज आल्यावर विंडोज अर्धवट राहिलेली छपाई पुन्हा करू शकतं. म्हणून एकदा नोंदवलेला नंबर पुन्हा स्कॅन झाला की प्रोग्रॅम आता नकार देतो. आधी तो निमूटपणे जुन्या नोंदीवर नवी चढवायचा. तीही चूक माझीच.

नशीब, एकही पोतं बाहेर गेलं नव्हतं. १६० पोत्यांना नवी लेबलं लावता लावता रविवार गेला.